ढोल-ताशा रेकॉर्ड करताना आवाज फाटतो तो नेमका कुठे फाटतो

पहिल्या वर्षी विसर्जन मिरवणुकीत मी पुण्याच्या लक्ष्मी रोडवर एक छोटा रेकॉर्डर घेऊन उभा राहिलो, गेन जवळजवळ शून्यावर, मीटर एकदाही लाल झाला नाही, आणि घरी येऊन ऐकलं तर पत्र्याच्या छपरावर कोणी खडी ओततंय असा आवाज. ढोल नाहीच, ताशाचा नुसता चरचराट. मला वाटलं रेकॉर्डर खराब आहे. नव्हता. मी चुकीच्या ठिकाणी आवाज कमी करत होतो एवढंच, आणि नवीन मंडळी जवळपास सगळी हीच चूक करतात म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी आवाजाचा रस्ता समजून घ्या. हवेतून आवाज माइकच्या पडद्यावर येतो, माइकमधलं छोटं सर्किट त्याची वीज करतं (कंडेन्सर असेल तर), ती वीज केबलने रेकॉर्डरच्या प्रीअँपमध्ये, म्हणजे ती मोठी करणाऱ्या सर्किटमध्ये, जाते आणि शेवटी तिचे आकडे होऊन कार्डवर जातात. या तिन्ही ठिकाणी फाटू शकतं, माइकमध्ये, प्रीअँपच्या तोंडाशी, आणि आकड्यांमध्ये. गेनचा नॉब फक्त शेवटचं वाचवतो. माइकमध्येच फाटलेला आवाज तुम्ही गेन कमी करून घेतलात तर काय मिळणार, फाटलेलाच आवाज, फक्त हळू.

हे ओळखायचं कसं, तर फाइल कॉम्प्युटरवर उघडा आणि वेव्हफॉर्म खूप झूम करून एक ठोका बघा. शिखरं वर शून्यावर, म्हणजे मीटरच्या शेवटच्या हद्दीवर, जाऊन सपाट कापली असतील तर गेन जास्त होता. शिखरं शून्याच्या बरीच खाली, समजा उणे 8 डीबीवर, आणि तिथेच सगळी एका रेषेत कापल्यासारखी दिसतायत, तर फाटणं गेनच्या आधी झालंय, माइकमध्ये किंवा प्रीअँपच्या इनपुटला. आणि तिसरा प्रकार, शिखरं गोल आहेत पण प्रत्येक ताशाच्या फटक्यानंतर ढोल एकदम दबतो आणि मग फुगून वर येतो, जसं कोणी व्हॉल्यूम हलवतंय, तर तो ऑटो गेन आहे, मेनूत जाऊन बंद करा. माझी पहिल्या वर्षीची फाइल दुसऱ्या प्रकारातली होती.

एक फसवी केस सांगून ठेवतो. मला एकदा वाटलं की माइक फाटतोय, वेव्हफॉर्म मात्र व्यवस्थित गोल. शेवटी कळलं की मी ज्या दुकानासमोर उभा होतो त्याचं बंद शटर ढोलाच्या घुमाऱ्याने थरथरत होतं. म्हणजे रेकॉर्डिंग बरोबर होतं, शटरच खराब वाजत होतं राव. उभं राहायच्या आधी मागे हात लावून बघा, शटर, पत्रा, फ्लेक्सची फ्रेम असं काही असेल तर दहा पावलं पुढे सरका.

अंतर, म्हणजे आवाज कमी करणारा फुकटातला पॅड

एकट्या ताशापासूनचं अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण 6 डीबीने उतरतो. 2 मीटरवरून 4 वर गेलात तर 6, 8 वर गेलात तर 12. हे मैदानात. गल्लीत दोन्ही बाजूला भिंती असतात आणि समोर एक ताशा नाही तर पूर्ण लाइन असते, लाइनच्या जवळ असताना आवाज इतका उतरत नाही, दुप्पट अंतराला 3-4 डीबी मिळाले तरी खूप. म्हणून सरावाला नदीपात्रात मोकळ्यात जमलेलं सेटिंग पेठेतल्या बोळात तसंच्या तसं चालेल असं धरू नका, अजून 6 डीबी जागा ठेवा.

स्थिरवादन असेल तर काम सोपं आहे, पथक एका जागी आहे, तुम्ही ताशांपासून 8 ते 12 मीटर लांब, माइक डोक्यांच्या वर. एवढं लांब का, तर फक्त फाटण्यासाठी नाही. ताशाचा आवाज कडक आणि बऱ्यापैकी सरळ येतो, ढोलाचा घुमारा चारी बाजूंना पसरतो. ताशाच्या जवळ उभे राहिलात की ढोल कुठे गेला कळत नाही, आणि ढोलकऱ्याच्या शेजारी उभे राहिलात तर तो एकच ढोल ऐकू येतो, बाकीचे चाळीस गायब. 8-10 मीटरवर दोन्ही एकत्र होतात, टोल आणि झांजही आपापल्या जागी बसतात.

खरा घोळ चालत्या मिरवणुकीत होतो. पथक 20 मीटरवर दिसतंय, तुम्ही लेव्हल लावली, शिखरं उणे 12 वर, छान वाटलं. पथक पुढे येतं आणि ताशे तुमच्यापासून अडीच मीटरवरून जातात. 20 चे 10, 10 चे 5, 5 चे अडीच, तीन वेळा निम्मं झालं म्हणजे 18 डीबी वर गेलं, शून्याच्या 6 डीबी पलीकडे, संपलं. लेव्हल नेहमी सगळ्यात जवळच्या क्षणासाठी लावायची. पथक लांब असताना मीटर जेमतेम हलायला पाहिजे, शिखरं उणे 30 च्या आसपास. पहिल्यांदा हे बघून हात आपोआप गेनकडे जातो, तो आवरा.

यावर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे फुटपाथ सोडा आणि पहिल्या मजल्याची गॅलरी शोधा, ओळखीच्या घराची, विचारून. वरून रस्ता काही मीटर खाली असतो त्यामुळे सगळ्यात जवळचं अंतरसुद्धा तेवढं राहतं, लांबचं आणि जवळचं यातला फरक कमी होतो आणि गर्दीचे मोबाइल, शिट्ट्या, शेजारच्या काकूंच्या गप्पा यातलं बरंचसं खाली राहतं. जुन्या वाड्याची लाकडी गॅलरी असेल तर मात्र आधी किती माणसं उभी आहेत ते बघा, विसर्जनाच्या दिवशी सगळे तिथेच लोटतात. माइकचा क्लँप रेलिंगला लावू नका, ढोलाचा घुमारा लोखंडातून सरळ माइकमध्ये येतो. स्टँड जमिनीवर, पायांखाली जाड फोमचे तुकडे किंवा घडी घातलेला टॉवेल.

खालीच उभं राहायचं असेल तर पथकाच्या दोरीच्या आत जायचं नाही. दोरी धरणारे कार्यकर्ते ओरडतात ते उगीच नाही, ध्वज फिरतो त्याचा घेर मोठा असतो आणि ढोलकरी ताल बदलताना ढोलासकट गिरकी घेतात, ढोल कमरेला बांधलेला असतो, त्यांना मागचं काही दिसत नाही. पथकाकडे तोंड करून उलटं चालत रेकॉर्डिंग करणं तर अजिबात नको. पथकप्रमुखाला आधी भेटा, सांगा की मी अमुक कोपऱ्यावर उभा आहे, बहुतेक वेळा ते स्वतःच चांगली जागा दाखवतात, कुठे थांबून वाजवणार आहेत तेही सांगतात.

आणि कान. 100 डीबीच्या सरासरी आवाजात 15 मिनिटांपेक्षा जास्त राहू नये असा हिशोब असतो, पुढे प्रत्येक 3 डीबीला वेळ निम्मा. ताशांच्या लाइनीजवळ तुम्ही याच्या बरेच वर असता. फोमचे इअरप्लग नीट वळून आत घाला, वर हेडफोन लावले तरी चालतील पण त्या गोंधळात हेडफोनवर फाटतंय की नाही हे कळतच नाही, बाहेरचा आवाज आत येतो. विश्वास मीटरवर ठेवा, आणि मधे थांबलात की आडबाजूला जाऊन 10 सेकंद परत ऐका.

माइक कुठला

माइकच्या कागदावर दोन आकडे बघायचे. एक, तो जास्तीत जास्त किती आवाज सहन करतो, मॅक्स एसपीएल. दोन, सेन्सिटिव्हिटी, म्हणजे 94 डीबी आवाजाला तो किती मिलीव्होल्ट देतो. बाकी फ्रिक्वेन्सीचे ग्राफ वगैरे नंतर.

मॅक्स एसपीएल बघताना लक्षात ठेवा की साउंड मीटरवर दिसतो तो सरासरी आकडा, ताशाचा फटका त्या सरासरीच्या वर 15-20 डीबी सहज उडतो. मीटर 105 दाखवतोय म्हणजे शिखरं 120 ते 125. फोनमधलं डीबी मोजायचं अ‍ॅप इथे उपयोगाचं नाही कारण फोनचा माइकच आधी दबलेला असतो, तो एका आकड्याच्या पुढे जातच नाही. छोट्या हँडी रेकॉर्डरचे आतले माइक बऱ्याचदा 120 च्या आसपासच हात टेकतात, झूम एच1एन चा आकडा 120 आहे, आणि बऱ्याच फोनच्या माइकचंही तसंच. आता कळलं ना माझं पहिल्या वर्षी काय झालं.

नवशिक्यासाठी माझं मत सरळ आहे, डायनॅमिक माइक घ्या. शूअर एसएम 57 किंवा त्या पद्धतीचा कुठलाही. आतमध्ये सर्किट नाही म्हणजे फाटायला काही नाही, ढोल-ताशाचा कितीही आवाज त्याला चालतो, केबलमधून माइकला द्यायची फँटम पॉवर लागत नाही, थोडा गुलाल, थोडी ओल, थोडी धक्काबुक्की सहन करतो. तोटा असा की झांजेची वरची चकाकी थोडी कमी येते आणि खालचा घुमारा लांबून थोडा पातळ वाटतो. दोन सारखे घ्या, एकाच स्टँडवर शेजारी शेजारी, तोंडं बाहेरच्या बाजूला साधारण 90 अंशात, स्टीरिओ झाला.

कंडेन्सर नक्कीच जास्त सुंदर वाजतो, विशेषतः गॅलरीतून, पण मॅक्स एसपीएल 130 च्या वर आणि माइकवरच पॅडचा स्विच असेल तरच. कॉलरचे छोटे माइक आणि कॅमेऱ्यावरचे शॉटगन या कामाला आणू नका, गल्लीतला शॉटगन भिंतींवरून परत येणारा आवाज विचित्र करून टाकतो.

फक्त फोनच असेल तर 15-20 मीटर लांब किंवा वर जा आणि ज्या अ‍ॅपमध्ये गेन हाताने लावता येतो ते वापरा. माइकच्या भोकावर चिकटपट्टी लावा असं बरेच जण सांगतात, त्याने ताशाची धार जाते आणि ढोल तसाच फाटतो.

पॅड, आणि एक हिशोब

पॅड म्हणजे सिग्नल ठरलेल्या मापाने कमी करणारी साधी गोष्ट, 10 किंवा 20 डीबी. तीन जागी सापडतो. माइकवरचा स्विच, केबलच्या टोकाला लावायची एक्सएलआरची नळी, आणि रेकॉर्डरवरचा स्विच. कुठला पॅड कुठलं फाटणं वाचवतो ते वेगळं आहे. माइकवरचा पॅड बहुधा माइकचं सर्किट आणि पुढचं सगळं वाचवतो. नळी आणि रेकॉर्डरचा पॅड फक्त प्रीअँप वाचवतात, माइक आधीच फाटला असेल तर ते काही करू शकत नाहीत. आणि मेनूत नुसता आकडा खाली करायची सोय असेल, जी आकडे झाल्यानंतर लागते, तर तो पॅड नाहीच.

आता हिशोब. धरून चला की ताशांच्या लाइनीपासून 4 मीटरवर शिखरं 125 डीबी आहेत. तुमच्याकडे कंडेन्सर आहे, 94 डीबीला 20 मिलीव्होल्ट देणारा, मॅक्स एसपीएल 130. माइक वाचला, 5 डीबी शिल्लक. आता 94 पासून 125 म्हणजे 31 डीबी जास्त, म्हणजे व्होल्टेज साधारण 35 पट, 20 चे 700 मिलीव्होल्ट. रेकॉर्डरचं मॅन्युअल काढा, त्यात माइक इनपुटची कमाल मर्यादा लिहिलेली असते (बऱ्याचदा डीबीयूमध्ये, शून्य डीबीयू म्हणजे पाऊण व्होल्टच्या जरा वर), समजा ती 120 मिलीव्होल्ट निघाली. 700 कुठे आणि 120 कुठे, जवळजवळ सहा पट, 15 डीबी जास्त. गेन शून्यावर असला तरी प्रीअँपच्या दारातच फाटणार, आणि मीटर लाल होणार नाही. 20 डीबीचा पॅड लावला की 700 चे 70 झाले. आत बसलं, वर जवळजवळ 5 डीबी मोकळे.

पॅडशिवाय नुसतं लांब जाऊन हे जमवायचं तर 15 डीबीसाठी मोकळ्या मैदानात 4 मीटरचे 22-23 मीटर व्हायला पाहिजेत, गल्लीत त्याहून जास्त, तिथे मग पथक कमी आणि गर्दीच जास्त ऐकू येईल.

हाच हिशोब डायनॅमिकवर करा. एसएम 57 त्याच 94 डीबीला फक्त 1.6 मिलीव्होल्ट देतो, त्याच्या 35 पट म्हणजे 56-57. पॅड न लावताच आत. पण मिरवणूक चालत येऊन ताशे 1 मीटरवरून गेले तर 12 डीबी वाढतील, चौपट, सव्वादोनशे मिलीव्होल्ट, परत बाहेर. म्हणून फुटपाथवर डायनॅमिकलाही पॅड लावतो, गॅलरीत नाही. पॅडमुळे सूं आवाज वाढतो म्हणून घाबरू नका, ढोल-ताशात तो कोणाला ऐकू येतोय.

नळीवाल्या पॅडची एक खोच आहे. कंडेन्सरला केबलमधून फँटम पॉवर जाते आणि साध्या नळीतले रेझिस्टर ती अडवतात किंवा अर्धवट सोडतात, अर्धपोटी कंडेन्सर उलट लवकर फाटतो, म्हणजे फाटू नये म्हणून लावलेल्या पॅडनेच फाटतं. घेताना फँटम पास करणारा आहे का विचारा. डायनॅमिकला हा प्रश्न नाही, फक्त रेकॉर्डरमधला फँटम बंद आहे ना ते बघून घ्या.

32 बिट फ्लोट रेकॉर्डर असेल तर हे काहीच लागत नाही असं ऐकाल. अर्धं खरं. आकड्यांमध्ये फाटत नाही, गेन लावायची कटकट जाते, खरंच सोय आहे. पण माइक आणि इनपुटचं सर्किट हे आकड्यांच्या आधीच असतं, वरचे 700 मिलीव्होल्ट त्याच्या इनपुटलाही मोजूनच द्यावे लागतात.

सराव आणि प्रत्यक्ष दिवस

सरावाला एकदा तरी जा, मिरवणुकीच्या दिवशी पहिल्यांदा सेटिंग करायला वेळही नसतो आणि जागाही. ताल पूर्ण चढलाय, ताशे जोरात आहेत, अशा वेळी तुमच्या सगळ्यात जवळच्या अंतरावर उभं राहून शिखरं उणे 12 वर येतील असा गेन लावा, नॉबचा आकडा लिहून ठेवा, घरी वेव्हफॉर्म झूम करून बघा. सुरुवातीच्या संथ ठेक्यावर लेव्हल लावू नका, तोच ताल शेवटी दुप्पट लयीत येतो तेव्हा हात किती जोरात पडतात ते वाजवलेल्यालाच माहीत.

सेटिंग म्हणाल तर वेव्ह, 24 बिट, 48 किलोहर्ट्झ, ऑटो गेन बंद, लिमिटर असेल तर चालू पण फक्त सीटबेल्टसारखा, त्याचा दिवा सारखा लागत असेल तर गेन खाली घ्या. लो कट, म्हणजे खालचे आवाज कापणारा फिल्टर, 80 हर्ट्झवर ठेवू नका, ढोलाची छातीच जाते, लावायचाच तर 40 च्या आसपास. वाऱ्यासाठी फोमच्या वर केसाळ कव्हर घाला, ढोलाच्या थापीची हवा जवळून पडद्यावर आदळते तीही त्याने थोडी अडते. गुलाल उधळला तरी तो कव्हरवर बसतो, नंतर झटकता येतो. पाऊस आला तर रेकॉर्डर पिशवीत, माइक मात्र बाहेर छत्रीखाली, माइकवर प्लास्टिक चढवलं की सगळं रजईखालून ऐकल्यासारखं येतं.

स्टीरिओ फाइल या सेटिंगला तासाला साधारण 1 जीबी होते, त्यामुळे कार्डची चिंता नाही, बॅटरीची आहे, फँटम चालू असेल तर जास्तच. पुण्यातली विसर्जन मिरवणूक 24 तासांच्या पुढेही जाते, पॉवर बँक ठेवा.

घरी आल्यावर फाइल हळू वाटेल, वाटू दे. आवाज वाढवताना शिखर उणे 1 च्या वर नेऊ नका, कारण एमपी3 किंवा व्हॉट्सअ‍ॅपसाठी फाइल दाबली जाते तेव्हा शिखरं थोडी वर सरकतात, आणि शून्याला टेकवलेली फाइल दिवसभर जपून शेवटी मित्राच्या फोनवर फाटते. ताशा फारच टोचत असेल तर 3 ते 5 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात 2-3 डीबी कमी करून बघा, त्याहून जास्त काढलंत तर तो ताशा राहणार नाही.